फिकट कॅबिनेटना गडद रंग दिला की हँडलभोवती पांढरी रेघ का राहते, आणि ती कशी काढायची

तक्रार नेहमी एकाच प्रकारची असते. किचनचा फोटो चांगला आहे, शटर ऑफ-व्हाइट लॅमिनेटची आहेत आणि ग्राहकाला ती गडद निळी झालेली बघायची आहेत. फोटोशॉपमध्ये रंग बदलला की एकतर शटर फिकट पावडरी निळी दिसतात, नाहीतर भिंतीला ऑइलपेंट फासल्यासारखी सपाट. त्यातून मार्ग काढला तर हँडलच्या खाली आणि ओव्हनच्या कडेने पांढरी रेघ उरते, स्टीलवर निळी झाक चढते आणि काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पडलेला खिडकीचा उजेड निळा होऊन बसतो. या सगळ्याची कारणं वेगवेगळी आहेत. ब्रश मऊ करून किंवा मास्क आणखी धूसर करून ती जात नाहीत, उलट वाढतात.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: एल आकाराचं किचन, ऑफ-व्हाइट मॅट शटर, स्टीलची डी हँडल, पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलची चिमणी आणि काळ्या काचेचा बिल्ट-इन ओव्हन. फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा. शटर तेवढी गडद निळी करायची, बाकी सगळं जसंच्या तसं.

रंगावरून सिलेक्शन करू नका

`Color Range`, `Replace Color` किंवा मॅजिक वाँडने क्रीम रंग उचलायचा हा सगळ्यांचा पहिला प्रयत्न असतो, आणि गळतीचं मूळ तिथेच आहे. पॉलिश केलेलं स्टील समोर असेल तो रंग दाखवतं. हँडलवर दिसणारा क्रीम पट्टा म्हणजे शटरचंच प्रतिबिंब. ओट्याच्या ग्रॅनाइटवर दिसणारा फिकट पट्टा हे वरच्या शटरचं किंवा डॅडो टाइल्सचं प्रतिबिंब. रंगाच्या हिशेबाने हे सगळे पिक्सेल शटरचेच असतात, त्यामुळे रंगावरून निवड करणारं कोणतंही टूल ते उचलणारच. `Fuzziness` कमी केला की हँडल सुटतं, पण मग शटरच्या सावलीतले कोपरे निवडीबाहेर जातात.

म्हणून मास्क आकारावरून करायचा, पेन टूलने. किचन हे सरळ रेषांचं काम आहे. एका शटरला चार बिंदू पुरतात आणि वीसेक शटर-ड्रॉवरचं किचन पेनने लवकर उरकतं. फोटोला लेन्सचा फुगीरपणा असेल तर तो आधी `Camera Raw Filter` मधल्या `Optics` मध्ये सरळ करून घ्या. मास्क झाल्यावर फोटो सरळ केला तर कडा दोन-तीन पिक्सेलनी सरकतात आणि सगळे पाथ पुन्हा ओढावे लागतात.

पाथ ओढताना दोन जागी हमखास चूक होते. पहिली म्हणजे डी हँडलच्या पोटातली मोकळी जागा. तिथे दिसतं ते शटर, त्यामुळे हँडल वगळताना त्याच्या आतला तुकडा पुन्हा रंगात घ्यायला हवा. दुसरी म्हणजे हँडलची सावली. हँडल आणि त्याची सावली मिळून एकच गडद आकार दिसतो, म्हणून दोन्हींभोवती एकत्र पाथ फिरवला जातो. मग निळ्या शटरवर हँडलच्या खाली करडा-क्रीम डाग उरतो आणि हँडल चिकटवल्यासारखं दिसतं. सावली शटरवर पडलेली आहे, ती शटरची आहे. पाथ धातूच्या कडेलाच थांबला पाहिजे.

रंग कोणत्या मोडमध्ये द्यायचा

`Color` मोड इथे चालत नाही, कारण तो खालच्या फोटोचा उजळपणा तसाच ठेवून फक्त छटा बदलतो. ऑफ-व्हाइट जितकं उजळ आहे तितकाच उजळ निळा मिळतो, म्हणजे पावडरी. `Normal` मोडमध्ये ८० टक्के अपारदर्शकतेने निळा भरला तर उजेड-सावलीतला फरक पाचव्या हिश्श्यावर येतो. ऑइलपेंटसारखं दिसतं ते त्यामुळे.

फिकटावरून गडदाकडे जाताना बरोबर मोड `Multiply`. मॅट पृष्ठभागाचा रंग बदलणं म्हणजे त्याच्यावरून परत येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण बदलणं, आणि `Multiply` नेमका तोच गुणाकार करतो. सावली त्याच प्रमाणात गडद होते, कॅबिनेटखालच्या एलईडी पट्टीचा पिवळसर उजेड पिवळसरच राहतो. फक्त भरायचा रंग म्हणजे शेडकार्डावरचा रंग नव्हे. तो फोटोतल्या क्रीमने भागून काढावा लागतो, कारण गुणाकार क्रीमवर होणार आहे.

आयड्रॉपरचा `Sample Size` `11 by 11 Average` करा आणि मध्यम उजेडातल्या शटरवर टिचकी मारा. खिडकीजवळची सगळ्यात उजळ जागा घेऊ नका, नाहीतर बाकी सगळं किचन अपेक्षेपेक्षा गडद येईल. आपल्या उदाहरणात क्रीम भरलं २२५, २१९, २०५ आणि हवा असलेला निळा आहे ४४, ५८, ८४:

```
भरायचा रंग = हवा तो रंग ÷ फोटोतला रंग × 255

R: 44 ÷ 225 × 255 = 50
G: 58 ÷ 219 × 255 = 68
B: 84 ÷ 205 × 255 = 104
```

५०, ६८, १०४ या रंगाचा `Solid Color` लेअर `Multiply` मध्ये ठेवला की त्या जागी बरोबर ४४, ५८, ८४ मिळतो. सावलीतलं शटर फोटोत ११२, १०८, १०० असेल तर ते २२, २९, ४१ होतं, म्हणजे तोच निळा, कमी उजेडातला. शेडकार्डावरचा रंग तसाच `Multiply` मध्ये टाकला तर क्रीमचा पिवळेपणा त्यात मिसळून निळा मळकट होतो. अनेकांना `Multiply` आवडत नाही ते याच कारणाने, पण दोष मोडचा नसतो.

ग्रुपची रचना

एकाच मास्कमध्ये सगळं कोंबू नका. बाहेरचा ग्रुप शटरचा: त्याच्या मास्कमध्ये शटर-ड्रॉवरचे पूर्ण आयत पांढरे, हँडलचा विचारच नाही, आणि ओव्हन, चिमणी किंवा ओटा टेकतो तिथे आयत थोडा त्यांच्यावर गेलेला. त्याच्या आत दुसरा ग्रुप, त्याच्या मास्कमध्ये हँडल काळी, बाकी पांढरं. त्याच्या आत तिसरा, ओव्हन, चिमणी आणि ओट्याच्या कडेसाठी. सगळ्यात आत `Solid Color`. एकात एक ठेवलेले मास्क आपोआप गुणले जातात, आणि फायदा असा की हँडलची कड आणि ओव्हनची कड वेगवेगळी हाताळता येते. पुढचा सगळा उपाय याच सोयीवर उभा आहे.

तिन्ही ग्रुपचा मोड `Pass Through` हवा. चुकून `Normal` राहिला तर ग्रुपमधल्या `Multiply` ला खाली गुणायला फोटो मिळत नाही आणि शटर सपाट निळी भरलेली दिसतात. सगळं बरोबर करूनही शटरवरची उजेड-सावली पूर्ण गायब झाली असेल तर आधी हेच बघा.

पांढरी रेघ येते कुठून

आता मुख्य दुखणं. फोटोतली कुठलीही कड एका पिक्सेलवर तुटत नाही. मधले एक-दोन पिक्सेल दोन्ही बाजूंचं मिश्रण असतात. ओव्हनची काळी काच ३० आणि क्रीम शटर २१९ असेल (फक्त हिरवा चॅनेल धरू), तर कडेचा पिक्सेल निम्मा-निम्मा, साधारण १२५. रंग बदलल्यावर तिथे काय हवं? अर्धी काच ३० आणि अर्धा नवा निळा ५८, म्हणजे ४४.

मास्क त्या पिक्सेलवर निम्मा आहे. म्हणजे १२५ चा अर्धा भाग तसाच राहतो आणि अर्ध्याचाच गुणाकार होतो. उत्तर येतं ७९. एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ५८ आणि मध्ये ७९. दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उजळ पिक्सेलांची रांग डोळ्याला रेघ म्हणूनच दिसते. मास्क अगदी अचूक असला तरी ती येणारच, कारण त्या पिक्सेलमध्ये मिसळलेलं क्रीम मास्क वेगळं काढू शकत नाही. फेदर वाढवला तर असे अर्धवट पिक्सेल आणखी वाढतात आणि रेघ रुंद होते.

त्याच पिक्सेलवर मास्क पूर्ण पांढरा केला तर १२५ चे ३३ होतात. हवे होते ४४, पण ३३ हा आकडा ३० आणि ५८ च्या मधला आहे, त्यामुळे काहीच खुपत नाही. म्हणजे गडद वस्तूच्या कडेला मास्क एक पिक्सेल वस्तूच्या आत ढकलायचा.

स्टीलच्या उजळ कडेचं गणित मात्र उलटं आहे. हँडलची वरची कड २०० असेल तर मिश्र पिक्सेल २१० च्या आसपास. हवे १२९, निम्म्या मास्कने मिळतात १३३. जवळजवळ बरोबर! इथे मास्क आत ढकलला तर ५६ मिळतात, म्हणजे तो पिक्सेल शटरमध्ये विरून जातो आणि हँडल बारीक होतं. फोटोत हँडलची जाडी आठ-दहा पिक्सेल असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून एक पिक्सेल गेलेला लगेच जाणवतो.

एकाच हँडलची वरची कड स्वच्छ आणि खालच्या कडेला पांढरी रेघ असं का दिसतं, याचं उत्तर यातच आहे. छतावरच्या दिव्याने हँडलचा वरचा भाग उजळतो, खालचा भाग सावलीत ४०-५० वर असतो. वरच्या कडेला निम्मा मास्क योग्य, खालच्या कडेला पूर्ण. अख्ख्या हँडलला एकच उपाय लावला की एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते.

प्रत्यक्षात हे असं करायचं:

ओव्हन आणि काळ्या उपकरणांच्या मास्कवर टिचकी मारून `Filter > Other > Maximum` घ्या आणि `Radius` १ पिक्सेल ठेवा. `Maximum` पांढरा भाग वाढवतो, म्हणजे निळा एक पिक्सेल काचेच्या आत सरकतो. या मास्कमध्ये उजळ स्टीलची चिमणीही असेल तर आधी तिच्याबाहेरच्या भागाचं सिलेक्शन करून घ्या, म्हणजे तिची कड जागची हलणार नाही.

हँडलच्या मास्कला फिल्टर लावू नका. ३०० टक्के झूमवर जाऊन दोन पिक्सेलचा, `Hardness` १०० टक्के असलेला पांढरा ब्रश घ्या. हँडलच्या खालच्या कडेच्या एका टोकाला टिचकी, मग शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला टिचकी, सरळ रेघ पडते. डी हँडलच्या पोटातली जी कड सावलीत असेल तिथेही हेच.

ओट्याची पुढची पट्टी काळ्या ग्रॅनाइटची असल्याने खालच्या शटरला ती वरून टेकते, तिथे `Maximum` चालतो. पण पट्टीच्या कडेवर पॉलिशची उजळ रेघ असेल तर तेवढी लांबी सोडून द्या. ती खरी चमक आहे, मास्कची चूक नाही. दोन्हींतला फरक ओळखायचा तर ग्रुप बंद करून मूळ फोटोत ती रेघ आहे का बघायचं.

मास्कच्या कडेचा मऊपणा फोटोशी जुळवायला हवा. ८०० टक्के झूम करून काळ्या काचेपासून क्रीमपर्यंत किती करडे पिक्सेल आहेत ते मोजा. फोकसमधल्या कडेला एक-दोन असतात, पाथवरून केलेल्या सिलेक्शनचा नैसर्गिक मऊपणा तिथे पुरतो. लांबच्या, फोकसबाहेरच्या शटरला चार-पाच असतात. तिथे तेवढ्याच भागाच्या मास्कला `Gaussian Blur` दीड पिक्सेलच्या आसपास द्या. अख्ख्या मास्कला एकच फेदर देणं टाळा.

ओट्यावरचं प्रतिबिंब: काय सोडायचं, काय नाही

ओट्यावर खिडकीचा, ट्यूबलाइटचा उजेड पडलेला असतो. तो प्रकाशाच्या उगमाचा रंग आहे, शटरचा नाही. त्याला हात लागता कामा नये, आणि पेनने केलेल्या मास्कमध्ये तो लागतही नाही.

प्रश्न उरतो शटरच्या प्रतिबिंबाचा. खालची शटर ओट्याच्या पातळीखाली असतात, त्यामुळे ओट्याच्या वरच्या पृष्ठभागात ती दिसूच शकत नाहीत. हल्ली अनेक जण फक्त खालची शटर गडद करून वरची पांढरी ठेवतात. अशा कामात ओट्याचा प्रश्नच येत नाही, व्हिट्रिफाइड फरशीवर मात्र खालच्या शटरचं प्रतिबिंब शोधा. वरची शटर बदलत असाल तर ग्रॅनाइटमध्ये, विशेषतः भिंतीकडच्या भागात, त्यांचा क्रीम पट्टा उरू शकतो. काम ‘ओटा जसाच्या तसा’ असं ठरलेलं असेल तर तो तसाच ठेवा. बघणाऱ्याला शेड निवडायची असते आणि ओट्याला लागलेला हात त्याला आधी खटकतो. कॅटलॉगसाठी चित्र हवं असेल आणि पट्टा ठळक असेल, तर त्याच ५०, ६८, १०४ रंगाचा वेगळा `Multiply` लेअर करा, फक्त त्या पट्ट्यापुरता मास्क द्या, अपारदर्शकता ५० टक्क्यांपासून सुरू करून नजरेने ठरवा. तो लेअर मुख्य ग्रुपच्या बाहेर हवा, म्हणजे एका टिचकीत बंद करता येईल. खिडकीची चमक त्या पट्ट्यावरून जात असेल तर तेवढी जागा मास्कमध्ये काळी करा.

स्टीलच्या हँडलवरच्या आणि चिमणीवरच्या क्रीम प्रतिबिंबाला हात लावायची गरज शक्यतो पडत नाही. क्रीम हा जवळजवळ रंगहीन रंग आहे, निळ्या शटरशेजारीही तो स्टीलचाच वाटतो.

निळं झाल्यावर दोन गोष्टी बिघडलेल्या दिसतात

दोन शटरमधली झिरी दिसेनाशी होते. मूळ फोटोत ती ३०, २८, २६ होती, गुणाकाराने ६, ७, ११ झाली आणि शेजारचा निळाही गडद, त्यामुळे सगळी शटर मिळून एकच फळी वाटते. `Solid Color` च्या वर, त्याच ग्रुपमध्ये `Curves` टाका आणि निळ्याचा मुख्य टोन थोडा वर उचला, इनपुट ५८ ला आउटपुट ६४. शून्याचं टोक जागेवरच ठेवा. झिरी काळी राहते, शटर तिच्यापासून सुटं होतं.

दुसरं, शटर ग्लॉसी असतील तर त्यांच्यावरची चमक मरते. लॅमिनेटच्या वरच्या थरावरून परावर्तित होणारा उजेड पांढराच असतो, त्याला खालच्या रंगाशी देणंघेणं नाही. `Multiply` मात्र त्यालाही निळा करतो. मूळ फोटोची प्रत ग्रुपमध्ये सगळ्यात वर `Screen` मोडमध्ये ठेवा, तिचं सॅच्युरेशन काढून टाका, तिला क्लिप केलेल्या `Curves` मध्ये काळं टोक २२८ वर आणा. २२८ पेक्षा उजळ तेवढंच उरतं. खिडकीजवळचं शटर उजेडानेच २२८ च्या वर गेलेलं असेल तर ते दुधी दिसू लागेल, तिथे या लेअरच्या मास्कवर काळा ब्रश फिरवा. मॅट शटरला हा लेअर लावू नका. फोटोत चमक २५५ वर कापली गेली असेल तर तिथे आत काही तपशील उरलेलाच नसतो, कुठल्याही लेअरने तो परत येत नाही.

गळती तपासायची खात्रीची रीत

डोळ्यांवर विसंबू नका. मूळ फोटोची प्रत सगळ्यांच्या वर ठेवा, मोड `Difference`. जिथे काहीच बदललं नाही तिथे शुद्ध काळं दिसतं. त्यावर `Levels` टाकून पांढऱ्याचा स्लायडर १५ वर आणा, म्हणजे एक-दोन आकड्यांचा फरकही उठून दिसेल. आता हँडल काळ्या छिद्रांसारखी दिसली पाहिजेत, ओटा आणि चिमणी पूर्ण काळी, ओव्हन फक्त कडेची एक पिक्सेलची रेघ सोडून काळा. ओट्यावर करडा धूर दिसला तर मास्कवर कुठेतरी मऊ ब्रश लागलेला आहे. हँडलच्या खाली सावलीच्या आकाराचा काळा तुकडा दिसला तर सावली मास्कबाहेर राहिली आहे. तपासून झाल्यावर हे दोन्ही लेअर काढून टाका.

ही पद्धत कुठे चालत नाही

गडद शटर फिकट करायची असतील तर नाही. `Multiply` फक्त गडद करतो. मरून शटरचा हिरवा चॅनेल २८ असेल आणि ऑफ-व्हाइटसाठी तो २१० हवा, तर साडेसातपट ताणावं लागतं, आणि त्याच पटीत नॉइज आणि जेपीजीचे चौकोन वर येतात. शिवाय जेपीजीमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रिझोल्यूशनने साठवलेली असते, त्यामुळे मरूनची झाक हँडलच्या आत दोन-दोन पिक्सेल शिरलेली असते आणि तिथे नुसता मास्क आत-बाहेर करून भागत नाही. अशा कामासाठी रॉ फाइल मागा, आणि ती नसेल तर शटर आधी मधल्या टोनपर्यंतच उजळता येतील हे ग्राहकाला सुरुवातीलाच सांगा.